पायपुसणं उलटून पाहा

न्हाणीघराच्या दारात टाकायचं पायपुसणं आपण दुकानात वरूनच निवडतो. मऊ आहे का म्हणून हात फिरवतो, टाइल्सच्या रंगाला शोभेल का ते बघतो आणि किंमत विचारतो. ते उलटून पाहणारं गिऱ्हाईक विरळाच. पण पायपुसण्याचे बरेचसे गुण-अवगुण त्याच्या पाठीवरच लिहिलेले असतात. ओल्या फरशीवर ते जागेवर राहील की नाही, जुलैत वाळेल की नाही, काही महिन्यांनी त्याला कुबट वास येईल की नाही, याचा अंदाज पाठ बघून येतो. आणि पेचही तिथेच आहे. घसरू नये म्हणून पाठीला जे रबर फासतात, तेच पाण्याची वाफ होऊन जाण्याची एक अख्खी बाजू बंद करून टाकतं. पकड हवी तर वाळणं लांबतं आणि वाळणं हवं तर पकड सुटते. कॉटन, काथ्या, रबर आणि मायक्रोफायबर हे चारही प्रकार या पेचातून आपापल्या परीने वाट काढतात. पूर्णपणे सुटलेला त्यातला एकही नाही.

आधी वाळण्याचं पाहू, कारण स्वच्छतेचा प्रश्न बहुतांशी त्यातच दडलेला आहे. कॉटन हळू वाळतं आणि पॉलिएस्टर झटकन वाळतं, असं आपण धरून चालतो. अनुभव तसाच असतो, पण त्याचं कारण आपल्याला वाटतं त्याहून थोडं वेगळं आहे. लायमन फोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली अमेरिकेतल्या ‘टेक्स्टाइल रिसर्च जर्नल’मध्ये कापडं वाळण्याच्या वेगावर एक निबंध लिहिला होता. त्यांना असं दिसलं की ओलं कापड कुठल्याही धाग्याचं असो, त्यातलं पाणी उडून जाण्याचा वेग बराच काळ जवळजवळ सारखाच राहतो. फरक पडतो तो सुरुवातीला कापडाने किती पाणी धरून ठेवलं होतं त्याने. जाड, दाट कापडात पाणी जास्त मावतं, म्हणून ते उशिरा वाळतं. यातून निघणारी गोष्ट साधी आहे. पायपुसणं कशाचं आहे याआधी ते किती जाड आहे ते बघावं.

धाग्याचा काहीच संबंध नाही, असं मात्र नाही. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज, आणि त्याला पाण्याची ओढ असते. पाणी तंतूंच्या मधल्या फटींत तर बसतंच, शिवाय तंतूच्या आतही शिरतं. नेहमीच्या हवेत कोरडं वाटणारं कापसाचं कापडही आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी बाळगून असतं. पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे दोन्ही पायपुसणी पिळून टांगली की पॉलिएस्टरच्या पायपुसण्यात फक्त फटींतलं पाणी उरतं. कापसात फटींतलं गेल्यावरही तंतूत मुरलेलं पाणी शिल्लक असतं, आणि ते शेवटचं पाणी फार रेंगाळत निघतं. वरून हात लावला तर कोरडं आणि मुळाशी गार लागतं, ती हीच अवस्था.

आता हवेचा भाग. सांताक्रूझ किंवा रत्नागिरीला जुलैत हवेतली आर्द्रता सहज ८५ टक्क्यांवर जाते. मार्चमधल्या कोरड्या दुपारी पुण्यात किंवा नागपुरात ती ४० टक्क्यांच्या खालीही असते. आर्द्रता ८५ टक्के म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ सामावू शकते त्यातली फक्त १५ टक्के जागा रिकामी आहे. ४० टक्के असेल तर ६० टक्के जागा रिकामी. म्हणजे पाणी ओढून घेण्याची हवेची भूक चौपट. त्यामुळे नागपुरात चार महिने बिनतक्रार वापरलेलं पायपुसणं मुंबईला बदली झाल्यावर पावसाळ्यात आंबू लागलं, तर दोष पायपुसण्याचा नसतो. शिवाय न्हाणीघराच्या दारातली हवा घरातल्या इतर हवेपेक्षाही दमट असते, आणि फरशीवर पडलेल्या पायपुसण्याची खालची बाजू तर हवेला लागतच नाही.

हे सगळं एका घरात बसवून पाहू. समजा, डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर आहे, माणसं चार, त्यातली एक सत्तरी ओलांडलेली आजी. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान चौघांच्या आंघोळी होतात. दारात ४० बाय ६० सेंटीमीटरचं जाड टेरी कॉटनचं पायपुसणं आहे, टॉवेलसारखे सुताचे फासे असलेलं. अशा कापडाचं वजन चौरस मीटरला ९०० ग्रॅम धरलं, तर हे पायपुसणं साधारण २१५ ग्रॅमचं होतं. बादली-तांब्याने आंघोळ करून माणूस पायावरचं पाणी न निथळवता बाहेर आला, तर पावलांचं, पोटऱ्यांवरून ओघळणारं आणि केसांतून ठिबकणारं मिळून ४० मिलीलीटर पाणी धरायला हरकत नाही. चौघांचं १६० झालं. आठ वाजता पायपुसण्याचं वजन पावणेचारशे ग्रॅम.

हे पाणी उडून जायला दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत २२ तास आहेत. मार्चमध्ये पंख्याखाली टांगलं तर हे काम दुपारच्या आतच उरकतं. जुलैत तेच पायपुसणं फरशीवर पसरून ठेवलं, पाठीला रबर आहे आणि दार बंद, तर संध्याकाळी पायाला गार लागतं आणि पुष्कळदा दुसऱ्या सकाळचा पहिला पायही ओलसर कापडावरच पडतो. त्यावर पुन्हा १६० मिलीलीटर. मग पायपुसणं पावसाळाभर खऱ्या अर्थाने एकदाही वाळत नाही.

याची खात्री करायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. धुऊन कडकडीत वाळलेलं पायपुसणं तोलावं, शेवटच्या आंघोळीनंतर तोलावं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या आंघोळीआधी पुन्हा तोलावं. एक सवलत मात्र द्यायची. कापूस पावसाळी हवेतूनच पाणी ओढतो, त्यामुळे न वापरलेलं कॉटनचं पायपुसणंसुद्धा मार्चपेक्षा जुलैत दहा-पंधरा ग्रॅम जड भरतं. त्याहून जास्त वजन रोज शिल्लक राहत असेल, तर त्या घराला दोन पायपुसणी आळीपाळीने वापरावी लागतील. हात लावून हे कळत नाही, कारण ओलावा खालच्या थरात असतो.

आता पकड. इथे घसरण्याच्या जागा दोन असतात, हे बऱ्याचदा लक्षात येत नाही. एक, तळपाय आणि पायपुसण्याचा वरचा भाग यांच्यामध्ये. दुसरी, पायपुसण्याची पाठ आणि फरशी यांच्यामध्ये. पहिल्या जागी कापडी पायपुसणं सहसा दगा देत नाही. ओला पाय सुताच्या फाशांवर टेकला की पाणी खाली शोषलं जातं आणि कातडीला धाग्याचा खरबरीतपणा भेटतो. गोची दुसऱ्या जागी होते. फरशी आणि पाठ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहिला की पायपुसणं त्यावर तरंगल्यासारखं होतं, आणि माणूस त्याच्यासकट सरकतो. ओल्या टाइलवर साबणाचा अंश असेल तर आणखीच.

पायपुसणं ही घसरण्यापासून वाचवणारी वस्तू, असं आपण मानतो. ती घसरवणारीही आहे. अमेरिकेत इस्पितळांच्या तातडीच्या विभागांतल्या नोंदींवरून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गालिचे आणि सतरंजीवजा पायपुसण्यांमुळे पडून ६५ वर्षांपुढची सुमारे ३८ हजार माणसं तिथे वर्षाला उपचारांसाठी येतात, असा त्यातला अंदाज होता. अशा पडण्यांत न्हाणीघर ही एक ठळक जागा होती. कोरड्या फरशीवरून मऊ कापडावर किंवा कापडावरून ओल्या फरशीवर पाऊल टाकतानाचा क्षण विशेष धोक्याचा, हेही त्यात दिसलं. आपल्याकडच्या घरांची रचना वेगळी असली तरी हा क्षण वेगळा नाही. उलट आपल्या न्हाणीघराला बहुधा इंच-दोन इंचाचा उंबरा असतो. आंघोळ करून निघालेला माणूस उंबऱ्यावरून पाऊल खाली टाकतो तेव्हा त्याचा सगळा भार पायपुसण्यावर तिरका येतो. न चिकटलेलं पायपुसणं सरकतं ते नेमकं तेव्हा.

म्हणून पाठ महत्त्वाची. बाजारात पाठीचे ढोबळ तीन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे अख्ख्या पाठीवर रबरी लेप, बहुतेक वेळा लॅटेक्सचा. त्यात खर्च कमी करायला चुन्याच्या भुकटीसारखे भरावाचे पदार्थ मिसळतात. नवं असताना हे पायपुसणं फरशीला छान चिकटतं. पण ऊन, गरम पाणी, ब्लीच आणि वॉशिंग मशीनचा पिळा यांनी लेप कडक होतो, त्याला भेगा जातात आणि मग तो पांढरट भुकटी होऊन गळू लागतो. मशीनच्या जाळीत अडकलेले तुकडे याचेच. लेप गळाला की पकड गेली, आणि ती एकदम जात नाही, कडेकडेने जाते. त्यामुळे घरातल्यांना कळत नाही. दुसरा प्रकार ठिपक्यांचा. कापडाच्या पाठीवर पीव्हीसीचे किंवा रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचे छोटे ठिपके छापलेले असतात. पकड लेपापेक्षा थोडी कमी, पण ठिपक्यांच्या मधून कापड मोकळं राहतं आणि खालूनही वाळतं. तिसरा म्हणजे काहीच नसलेली पाठ, दोन्ही बाजूंनी सारखंच टेरी कापड. हॉटेलात टबाच्या कडेवर घडी करून ठेवतात ते पायपुसणं बहुधा हेच. ते धुवायला आणि वाळवायला सगळ्यात सोपं, आणि गुळगुळीत फरशीवर सगळ्यात बेभरवशाचं.

पाठीची परीक्षा घरी करता येते. फरशीवर वाटीभर पाणी सांडावं, त्यात साबणाचा थेंब टाकावा, त्यावर पायपुसणं पसरावं आणि कशाला तरी घट्ट धरून एका पायाने ते पुढे ढकलून पाहावं. कोरड्या फरशीवर केलेली परीक्षा निरुपयोगी आहे. दुकानातल्या काउंटरवर तर सगळीच पायपुसणी चिकटतात.

रबर हे पाणी न पिणारं, म्हणून स्वच्छ आणि घसरणरोधक, अशी त्याची ख्याती. त्यातलं अर्धं खरं आहे. रबरी मॅट म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा वस्तू खरं तर पीव्हीसीच्या असतात, पण इथे तो भेद बाजूला ठेवू. रबर पाणी शोषत नाही, म्हणून ते वाळवायचं नसतं, निथळवायचं असतं. टांगलं तर काही मिनिटांत कोरडं. फरशीवरच पडून राहिलं तर त्याच्याखालचं पाणी मात्र दिवसभर तसंच. त्या पाण्यात साबणाचा साका, कातडीचे कण आणि केस असतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका जास्तच होतो. त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. न्हाणीघरात दिसणारी गुलाबी बुळबुळ बहुधा सेराशिया नावाच्या जिवाणूची असते आणि साबणाच्या उरल्यासुरल्या अंशावर ती खुशाल वाढते. म्हणजे जी मॅट पाणी पीत नाही तीच उचलली नाही तर सगळ्यात घाण होते, आणि तेही वरून चकचकीत दिसत असताना. हा बुळबुळीत थरच पुढे तिची पकड घालवतो.

रबरी मॅटच्या खालच्या चूषक वाट्यांबद्दल इथेच सांगून टाकतो. त्या मुळात गुळगुळीत मिन्याच्या बाथटबसाठी बनल्या. वाटी दाबली की आतली हवा बाहेर जाते आणि बाहेरच्या हवेचा दाब तिला धरून ठेवतो. त्यासाठी वाटीची कड पृष्ठभागाला अखंड टेकायला हवी. आपल्या न्हाणीघरात हल्ली खरबरीत, अँटी-स्किड टाइल्स बसवतात आणि टाइल्सच्या मध्ये सिमेंटच्या खाचा असतात. खरबरीतपणातून आणि खाचांतून हवा आत शिरते आणि वाट्या सुटतात. मग अशी मॅट वाट्यांच्या टोकांवर उभी राहते आणि फरशीपेक्षा जास्त घसरते. खरबरीत टाइल्सवर तिची गरजही नसते. जुन्या इमारतींतल्या गुळगुळीत फरशीवर तिचा उपयोग आहे, पण वाट्या फरशीच्या मधोमध येतील आणि खाचांवर येणार नाहीत इतकी मोठी फरशी असेल तरच. नाहीतर मोठ्या भोकांची, जड, जाळीदार मॅट बरी. पाणी भोकांतून खाली जाऊन निघून जातं आणि पाण्याचा थर साचत नाही.

आणखी एक शत्रू तेलाचा. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. अभ्यंगाच्या दिवशी तेलाने माखलेले पाय रबरी मॅटवर पडले तर दोन गोष्टी होतात. त्या क्षणी पाय सटकतो आणि वारंवार झालं तर मॅटही बिघडते. घरात रोज तेल लावून आंघोळ करणारं लहान मूल असेल, तर मॅट रोज साबणाच्या पाण्याने घासायलाच हवी.

मायक्रोफायबर हे आजचं लाडकं. एक डेनियरहून बारीक तंतूंना हे नाव मिळतं. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० च्या सुमाराला असे अतिसूक्ष्म तंतू तयार केले, आणि त्यातून आधी नकली स्वेड कापड निघालं. पुसण्याची फडकी पुढे आली. तंतू पॉलिएस्टरचा, कधी त्यात थोडं नायलॉन. तो स्वतः पाणी पीत नाही, पण तंतू इतके बारीक आणि इतके दाट असतात की त्यांच्यामधल्या फटी पाणी वर ओढून घेतात. म्हणून पाय टेकताच पायपुसणं ओलावा खेचतं. मशीनमध्ये पिळून काढलं की यातलं बरंचसं पाणी निघून जातं, कारण ते तंतूच्या आत नसतं. पावसाळ्यात वाळण्याच्या शर्यतीत हे कॉटनला मागे टाकतं ते यामुळे.

पण यातही जाडीचा नियम लागू होतो. बोटभर जाडीच्या शेवयांसारखे लोंबते फासे असलेलं मायक्रोफायबर पायपुसणं पातळ कॉटनपेक्षा जास्त पाणी धरतं. त्याच्या पाठीला अखंड लेप असेल तर ते जुलैत पातळ कॉटननंतर वाळतं. फासे जितके लांब तितका केरही त्यात बसतो. लांब केस असलेल्या घरात हे अनुभवाने कळतं. आणि कपडे मऊ करायचं द्रव त्यावर वापरू नये. त्याचा मेणचट थर तंतूंवर बसतो आणि शोषणच थांबतं. मग पाय पुसला जात नाही, नुसता ओला फिरतो.

वासाची गोष्ट वेगळी. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये घामट टी-शर्टांवर अभ्यास केला. पॉलिएस्टरच्या शर्टांना कॉटनपेक्षा जास्त आणि अधिक उग्र वास येतो, आणि वास निर्माण करणारे काही जिवाणू पॉलिएस्टरवर जास्त वाढतात, असं त्यांना आढळलं. शर्ट आणि पायपुसणं एक नव्हे, पण कातडीचं तेल पॉलिएस्टरला घट्ट धरून बसतं, हे पायपुसण्यालाही लागू आहे. मायक्रोफायबर लवकर वाळलं तरी त्याचा वास लवकर जात नाही, याचं कारण बहुधा इथे असावं.

काथ्याबद्दल मला थोडं तिरकं बोलायचं आहे, कारण पर्यावरणाच्या नावाखाली तो हल्ली न्हाणीघराच्या दारातही येऊन बसला आहे. नारळाच्या सोडणातून निघणारा हा धागा खाऱ्या पाण्यातही कुजत नाही, त्यामुळे होडीच्या दोरांना तो शतकानुशतकं वापरला गेला. याचं कारण लिग्निन. काथ्याच्या वजनाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग लिग्निनचा असतो, आणि तो भाग पचवणं जिवाणूंना फार अवघड जातं. म्हणून काथ्याचं पायपुसणं वर्षानुवर्षं टिकतं. त्यावरून तो पाणी पीत नाही असा समज झाला आहे, तो चुकीचा आहे. काथ्या पाणी धरतो, पण हळू. ओला पाय दोन सेकंद टेकवला तर त्याचे राठ केस पाण्याला खेचत नाहीत. पाणी केसांच्या मधून सरळ खाली जातं आणि पाठीवर साचतं.

ही पाठ बहुतेक ठिकाणी पीव्हीसीची असते. गरम पीव्हीसीच्या थरात काथ्याचे तुकडे उभे रोवतात, मग वरून कापून सारखे करतात. अशा पायपुसण्यात खाली गेलेलं पाणी कोंडतं. सुटे केस गळतात आणि मोरीच्या जाळीत जातात. ओलं राहिलं की तपकिरी रंग उतरून फिक्या टाइल्सवर डाग पडतात. वॉशिंग मशीनमध्ये ते घालता येत नाही. राठ केस वयस्क माणसाच्या पातळ कातडीला आणि मधुमेहाने संवेदना कमी झालेल्या पायाला ओरखडे काढतात, आणि अशा पायाला ओरखडा लागल्याचं कळतही नाही. काथ्याची जागा पडवीत, अंगणाच्या दारात, जिथे चिखल खरवडून काढायचा आहे. तिथे त्याला तोड नाही. कोकणातल्या घराने पावसाळ्यात दाराबाहेर काथ्या आणि आत कॉटन ठेवलं तर ते अगदी योग्य आहे. न्हाणीघरासाठी काथ्या घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग दमट पायपुसण्याने नेमकं होतं काय? पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्यामागे बऱ्याचदा ट्रायकोफायटॉन जातीच्या बुरशी असतात. नखं पिवळी, जाड होण्याच्या आणि गजकर्णाच्या मुळाशीही याच. बाधा झालेल्या पायावरून कातडीचे बारीक कण सतत झडतात, बुरशी त्या कणांत असते आणि ते कण पायपुसण्यावर उरतात. जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी तळपायांचे ठसे पोषक जेलीवर उमटवून दाखवलं आहे की बाधित माणसाने वापरलेल्या बाथमॅटवर पाय ठेवला की निरोगी तळपायालाही बुरशी चिकटते. पाय धुऊन कोरडा केला की ती बहुतेक निघून जाते. चिकटणं म्हणजे रोग होणं नव्हे. कातडी तासन्‌तास ओली राहिली तरच बुरशी आत रुजते. म्हणून त्या पायपुसण्यावरून उठून लगेच मोजे-बूट चढवणं हे जास्त वाईट.

भारतात गेल्या काही वर्षांत गजकर्ण औषधांना जुमानत नाही, अशी तक्रार वाढली आहे. त्यातल्या एका बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळालं. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला तिचे पुष्कळ प्रकार दाद देत नाहीत. घरात कुणाला गजकर्ण असेल तर टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवायला डॉक्टर सांगतात. पायपुसणं मात्र सगळ्यांचं एकच राहतं. ते वेगळं करायला हवं, निदान औषध संपेपर्यंत.

धुण्याचा प्रश्न इथे साहित्याशी जोडला जातो. या बुरशीचे कण नुसत्या गार पाण्याच्या धुण्याने मरतातच असं नाही. ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात डिटर्जंटसह धुतलेल्या कापडावर ती सहसा टिकत नाही. ६० अंश सोसतं ते पाठ नसलेलं कॉटन. ओलं असताना कापसाचा धागा उलट अधिक मजबूत होतो, त्यामुळे वारंवार गरम पाण्यात धुतलं तरी ते टिकतं. जुने धोबी भट्टीवर सोड्याच्या पाण्यात कापड उकळत, तेही याच धाग्याच्या जिवावर. लॅटेक्सची पाठ ६० अंशांत लवकर मरते. मायक्रोफायबरवरच्या पट्टीवर बहुधा ३० किंवा ४० अंशच लिहिलेले असतात. रबरी मॅट घासून, ब्लीचच्या सौम्य पाण्यात भिजवून, भरपूर पाण्याने खळबळून काढता येते. इथे एकच ताकीद. ब्लीच आणि शौचालय साफ करायचं आम्ल एकत्र कधीही येऊ देऊ नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो घातक ठरतो.

ऊन चांगलं, पण ते धुण्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय रबरी पाठ उन्हाकडे करून वाळत घातली तर महिन्याभरात तडे जातात. पाठ सावलीकडे आणि सूत उन्हाकडे, असं टांगावं.

हल्ली डायटोमाइट मातीच्या कडक फळीसारख्या मॅटही आल्या आहेत. पाय ठेवला की पाणी डोळ्यांदेखत गायब होतं. गंमत वाटते, आणि काही घरांना ती सोयीचीही आहे. पण जपानमध्ये डिसेंबर २०२० मध्ये काही मोठ्या विक्रेत्यांना अशा मॅट परत मागवाव्या लागल्या होत्या, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस सापडलं. या मॅटला पाणी शोषत राहण्यासाठी मधूनमधून सँडपेपरने घासायला सांगतात. ती धूळ घरात उडवण्याआधी मॅट कुठून आली आहे, हे तरी विचारावं.

डोंबिवलीच्या त्या घरात काय करावं? न्हाणीघराच्या आत, जिथे साबण सांडतो, तिथे फरशी गुळगुळीत असेल तर भोकांची जड रबरी मॅट. शेवटच्या आंघोळीनंतर ती नळाच्या दांड्यावर टांगायची, फरशीवर ठेवायची नाही. बाहेर, उंबऱ्याच्या खाली, पातळ टेरी कॉटनची, पाठ नसलेली चार पायपुसणी, चौरस मीटरला ५००-६०० ग्रॅमची. सोलापूरच्या टेरी टॉवेलचा जुना जाड तुकडा चौघडी शिवला तरी चालतो, फक्त कडा नीट शिवायच्या, नाहीतर आजीचा अंगठा अडकेल. दोन सकाळी वापरात, दोन दोरीवर. आजीची आंघोळ पहिली, म्हणजे तिला कोरडं मिळतं. आणि पाठ नसल्याचा धोका टाळायला या पायपुसण्यांच्या खाली गालिच्याखाली घालतात ती रबरी जाळी कापून बसवायची. ती कापडापासून वेगळी राहते, त्यामुळे कापड गरम पाण्यात धुता येतं आणि जाळी नुसती धुऊन निथळवता येते. पकडीचं काम एकाने आणि पाणी पिण्याचं काम दुसऱ्याने केलं, की सुरुवातीचा तो पेच उरत नाही.

जाळी पायपुसण्यापेक्षा सगळीकडून बोटभर लहान कापावी. मोठी राहिली तर तिची कड बाहेर डोकावते आणि पाय तिच्यातच अडकतो. जाळीच्या भोकांत केस आणि साबणाचा साका भरला की तिची पकड कमी होते, म्हणून पायपुसणं धुवायच्या दिवशी तीही घासायची. काही काळाने ती ठिसूळ होते. दोन बोटांनी ताणल्यावर तुटते की परत आकाराला येते, हे बघून बदलायची वेळ ठरवावी. आणि दाराच्या चौकटीजवळ भिंतीत एक घट्ट दांडा बसवून घ्यावा, कारण सत्तरीच्या पुढच्या माणसाला उंबरा ओलांडताना हाताने धरायला काही असेल, तर पायपुसण्यावर येणारा तिरका भारच कमी होतो.